दादाच्या झोपेची बखर : वीररसात थट्टा लिहायची तर कशी?

मधली_बहीण

दादाचा चाळिसावा वाढदिवस आहे. भावंडांनी मिळून काहीतरी वाचून दाखवायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय मात्र एकमताने ठरला : दादाचे गजर. तो रोज रात्री मोबाईलवर पहाटे पाचपासून दर दहा मिनिटांनी एक असे गजर लावतो. पहिला वाजला की सगळं घर उठून बसतं, हा सोडून. त्याचं बोट झोपेतच पडद्यावर जातं, गजर गप्प होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

एवढ्याशा गोष्टीला महाकाव्याचा थाट दिला तर मजा येईल असं वाटलं, म्हणून हे लिहिलं :

"हे कुंभकर्णाच्या वंशजा, हे निद्रासम्राटा! तुझ्या हजारो गजरांनी पृथ्वी थरथरली, सागर खवळले, नगरेच्या नगरे ओस पडली, तरी तुझ्या महाभयंकर, प्रलयंकारी, गगनभेदी घोरण्यात खंड पडला नाही! (दादा, गंमत आहे हं, रागावू नकोस!)"

वहिनीला वाचून दाखवलं. ती "छान आहे" म्हणाली आणि फोन बघायला लागली. मलाही वाचताना हसू येत नाहीये. शब्द तर सगळे मोठेच घातलेत, मग बिघडतंय कुठे?

साधा_माणूस

मोबाईल उशाशी ठेवू नये. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर ठेवायला सांगा. गजर बंद करायला उठावंच लागतं. आमच्याकडे या उपायाने फरक पडला.

मधली_बहीण

काका, धन्यवाद. पण तो सुधारला तर मी लिहू काय? मला उपाय नकोय, थट्टा हवी आहे.

गगनभेदी

अतिशयोक्ती कमी पडतेय. या प्रकारात जितकं फुगवाल तितकं हसू. हजारो गजर कशाला, कोट्यवधी करा. ब्रह्मदेव कानांत बोटं घालून बसलाय असं दाखवा. सोपा मार्ग म्हणजे एखादा सगळ्यांना पाठ असलेला पोवाडा घ्या आणि त्याच चालीवर शब्द बदला. विडंबन हे असंच करतात.

जुनी_वही

गगनभेदी, चाल उचलण्याची युक्ती चांगली आहे, पण ती वाट वेगळीकडे जाते. चाल उचलली की लोक मूळ पोवाडा आठवतात आणि कोणता शब्द कसा बदललाय ते बघत बसतात. थट्टा पोवाड्याची होते, दादा बाजूला राहतो. इथे थट्टा व्हायला हवी दादाची. भारदस्त भाषा हा फक्त त्याच्या अंगावर चढवलेला जिरेटोप.

आता फुगवण्याबद्दल. मला वाटतं मधलीचं सगळं तिथेच बिघडलंय. या लेखनात भाषा फुगवायची असते, हकिकत नाही. "हजारो गजर, सागर खवळले" म्हटलं की प्रसंगच महाप्रलयाचा झाला. प्रलयाला प्रलयाची भाषा शोभतेच, त्यात विसंगती काय राहिली? हसू येतं ते भाषा रणांगणावर आणि गोष्ट उशीखाली असते तेव्हा. गोष्ट जितकी खरी, जितकी बारीक आणि नेमकी, तितकं दोन्हींतलं अंतर वाढतं. "सहस्र रणशिंगे वाजली" यात काही नाही. "पाच वाजून दहा मिनिटांनी दुसरे रणशिंग वाजले" यात आहे.

याचं जुनं आणि जगभर ओळखीचं उदाहरण इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या 'द रेप ऑफ द लॉक' या काव्याचं. एका तरुण उमरावाने एका मुलीच्या केसांची बट न विचारता कापली, त्यावरून दोन घराण्यांतलं बोलणं बंद झालं. दोघांना हसवून समेट घडवावा म्हणून एका मित्राने पोपला लिहायला सांगितलं. 1712 साली ते दोन सर्गांत छापलं गेलं, 1714 मध्ये पाच सर्गांचं झालं. त्यात एक पत्त्यांचा डाव आहे, तो चक्क लढाईसारखा लिहिलाय. राजे चालून येतात, राण्या पडतात. पण तो डाव इतका नेमका आहे की खेळाचे नियम माहीत असलेला माणूस कोणतं पान कशावर पडलं ते ओळखू शकतो. भाषा लढाईची, हिशेब पत्त्यांचा, आणि त्या हिशेबात कुठे सूट घेतलेली नाही.

तेव्हा मधले, आधी हकिकत सांग. गजर नेमके किती? पहिला वाजल्यावर कोण कोण उठतं? गजर गप्प केला की किती वेळाने पुन्हा वाजतो? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दादा शेवटी उठल्यावर काय बोलतो?

मधली_बहीण

पाच, पाच-दहा, पाच-वीस, पाच-तीस, पाच-चाळीस. म्हणजे पाच. गप्प केला की नऊ मिनिटांनी पुन्हा वाजतो. आधी आई उठते, मग बाबा, मग आम्ही दोघी बहिणी. वहिनी शेवटी वैतागून साडेसहाला त्याचं पांघरूण ओढते. तो सातला उठतो.

आणि उठून बाहेर येतो, आम्हाला सगळ्यांना जागं बघतो आणि विचारतो, "आज सगळे इतक्या लवकर कसे उठलात?" हे अगदी मनापासून विचारतो हो!

जुनी_वही

शेवटचं वाक्य मिळालं तुला. ते जसंच्या तसं ठेव, त्यावर एक विशेषणही चढवू नकोस.

रिकामटेकडी

नऊ मिनिटांनी पुन्हा, आणि पुढचा गजर दहा मिनिटांनी? म्हणजे पाच वाजून नऊला जुना उठतो आणि पाच-दहाला त्याच्या मदतीला नवा येतो? हे तर वेढा घातल्यासारखंच आहे, वर काही करायलाच नको. :)

जुनी_वही

बघ, तपशील खरा असला की लढाई आपोआप उभी राहते. नऊ मिनिटांची शांतता म्हणजे तह. पाच-दहाचा गजर म्हणजे कुमक. पांघरूण ओढणं म्हणजे जप्ती. हे शब्द ओढूनताणून आणलेले वाटत नाहीत, कारण दोन्ही बाजूंचं काम खरंच सारखं आहे. तह मुदतीचा असतो, मोडतो, पुन्हा होतो. जिथे असा सांधा बसत नाही तिथे मोठा शब्द घालू नये, नाहीतर नुसती विशेषणांची रास होते. तुझ्या पहिल्या खर्ड्यात "महाभयंकर, प्रलयंकारी, गगनभेदी" अशी तीन विशेषणं एका घोरण्यावर स्वार आहेत. आणि दादा घोरतो असं तू वर कुठे म्हटलेलंही नाहीस.

कुंभकर्णही काढ. झोपाळू माणसाला कुंभकर्ण म्हणणं हे आपल्याकडे रोजचंच आहे, ऐकणाऱ्याच्या कानाला ते लागतसुद्धा नाही. शिवाय एकदा कुंभकर्ण म्हटलं की पुढे सांगायला काही उरत नाही, निकाल पहिल्याच ओळीत लागतो.

आणि तो कंस! "गंमत आहे हं" म्हणायचं नाही. सांगणाऱ्याला स्वतःला हे सगळं अतिशय गंभीर वाटतंय असाच सूर शेवटपर्यंत हवा. बखरकाराने मध्येच डोळा मारला की लढाई संपली.

हिशेबी

मी हे ऑफिसात करून बसलोय, म्हणून सांगतो. एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात त्याच्यावर असंच शौर्यगाथा पद्धतीचं लिहिलं होतं. विषय : तो उसने पैसे घेतो आणि परत करत नाही. "दानशूरांच्या खजिन्यांवर स्वाऱ्या करणारा" वगैरे. लोक हसले, पण जरा चाचरत हसले. त्याचा चेहरा उतरला आणि नंतर तो माझ्याशी नीट बोललाच नाही. भाषा तर मी चांगली साधली होती. तेव्हा हे प्रकरण भाषेपुरतं नाही असं मला वाटतं.

जुनी_वही

नाहीच. उसने पैसे ही क्षुल्लक गोष्ट नाही, खोलीत बसलेल्या दोन-चार जणांचे तरी अडकले असणार. गोष्ट मुळातच जड असेल तर मोठी भाषा तिला हलकं करत नाही, उलट तक्रारीला ध्वनिक्षेपक लावून देते. कमी नुकसानीचा, ज्याचा राग केव्हाच संपलाय आणि सवय उरलीय असाच विषय यात चालतो.

दुसरं, तुम्ही त्याला लुटारू केलंत. मी असं लिहिताना ज्याची थट्टा करायची त्याला खलनायक करत नाही, नायक करतो. तो जिंकतो. हरतो ते आपण. दादा पाच गजर, आई-बाबा आणि वहिनी इतक्यांविरुद्ध एकटा लढला आणि सातपर्यंत गादी सोडली नाही, असं लिहिलं की टोमणा पुरता बसतो आणि दादाला वर मिशीला पीळही देता येतो.

पोपच्याही बाबतीत एक जण दुखावला होता. काव्यात एक सरदार आहे, त्याला धड बोलताच येत नाही, नुसतं अडखळत पुटपुटतो. तो ज्या गृहस्थावरून घेतला होता ते चिडले. बट कापल्याची थट्टा चालून गेली, बोलता न येण्याची नाही चालली. मी यातून एवढंच घेतो की माणूस जे करतो त्यावर लिहावं, तो जसा आहे त्यावर नाही. गजर चालेल. घोरणं, पोट, टक्कल नको.

गगनभेदी

घोरण्याबद्दल मला पटत नाही. आमच्याकडे घोरण्यावर सर्रास थट्टा चालते आणि कोणी रागावत नाही. मैफल बघून ठरवावं, नियम कसले त्यात! अतिशयोक्तीचं मात्र थोडं पटलं. थोडंच.

मात्रामोजणी

सगळे गद्यात का अडकलात? वीररस म्हणजे छंद हवा. गद्यातलं महाकाव्य ही कल्पनाच मला फिकी वाटते. आणि तुमच्या कामाला ओवीसारखं दुसरं काही नाही. ओवीत पहिले तीन चरण यमक जुळवत चढत जातात आणि चौथा आखूड असतो, यमक नसलेला. म्हणजे आपटायची जागा छंदानेच करून ठेवलेली आहे. हे घ्या :

गजर पाचांचा गर्जला । तळमजला दणाणला ।
आईचा डोळा उघडला । दादा निवांत ॥

तीन चरण मोठ्या आवाजात, चौथा अगदी सपाट. अशा दहा-बारा केल्या की काम झालं.

रिकामटेकडी

"दादा निवांत" वर मी खरोखर हसले!

जुनी_वही

ओवी फर्मास आहे, काही म्हणणं नाही. पण दहा-बारा सलग ऐकल्या तर ऐकणाऱ्याला तिसऱ्यापासून कळतं की आता चौथ्या चरणात दादा झोपलेला असणार. गद्यात ती जागा हलवता येते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य कितीही लांब ताणलं तरी ऐकणारा वाट बघत राहतो. सगळा लवाजमा आधी घालायचा आणि क्षुद्र वस्तू क्रियापदाच्या अगदी अलीकडे ठेवायची. "स्वामींनी डोळे न उघडता, एका हातानिशी, उशीखालचा मोबाईल दाबिला." हेच उलटं करून "मोबाईल स्वामींनी डोळे न उघडता..." असं म्हणून बघा, हवा जाते.

मधले, मी बखरीची भाषा सुचवेन. बखरकार कमालीचा गंभीर असतो, हिशेबी असतो, कोण किती माणसांनिशी कुठून निघाला ते टिपून ठेवतो. तुझ्या पाच गजरांना तो माणूस अगदी योग्य आहे. फक्त एकदा बखर धरलीस की मध्येच संस्कृत स्तोत्र आणि मध्येच पोवाड्याचं "जी जी रं जी" असं करू नकोस. तीन दरबारांचे पोशाख एकाच माणसाला चढवले की तो बहुरूपी दिसतो.

मधली_बहीण

रात्री बसून लिहिलं. बघा :

"श्रीमंत राजश्री दादासाहेब स्वामींचे सेवेसी. विनंती विशेष. स्वामींनी निद्रेस जाण्यापूर्वी पाच गजरांची चौकी बसविली आणि पहाटे उठोन व्यायाम करावा ऐसा मनसुबा जाहीर केला. पाचांस पहिल्या गजराने चाल केली. त्याची दहशत ऐसी की प्रथम मातोश्री, मागाहून तीर्थरूप, तदनंतर आम्ही उभयतां भगिनी उठोन बसलो. स्वामी ढळले नाहीत. स्वामींनी डोळे न उघडता, एका हातानिशी, उशीखालचा मोबाईल दाबोन गनिमाशी नऊ मिनिटांचा तह केला.

नवव्या मिनिटास गनिमाने तह मोडिला. त्यास दहाव्या मिनिटास कुमक पोहोचली. दोन्ही फौजा एक जाहल्या. तीर्थरूपांनी भिंतीपलीकडोन दोन वेळा हाक मारिली, ती रणाच्या गर्दीत कोणी ऐकिली नाही. स्वामींनी त्याच बोटाने दोहोंशीही तह केला. ऐसे तह पावणेसहापर्यंत किती जाहले याची गणती आम्हांस राहिली नाही. तरवार उपसावी न लागता, केवळ एका अंगठ्याच्या बळावर इतके तह करणारा पुरुष आमच्या कुळात पूर्वी जाहला नाही.

साडेसहास वहिनीसाहेब स्वतः चालोन आल्या आणि पांघरूण जप्त केले. स्वामींनी गुडघे पोटाशी घेऊन मोर्चा आवरिला, परंतु गादी सोडिली नाही. सातांस, गनीम थकोन गेल्यावर, स्वामी आपखुशीने उठले, बाहेर आले आणि आम्हां पाचही जणांस जागे पाहोन बोलिले, 'आज सगळे इतक्या लवकर कसे उठलात?'"

रिकामटेकडी

अगं! "व्यायाम करावा ऐसा मनसुबा" हे कुठे सांगितलं होतंस तू? हेच तर मुख्य आहे!

मधली_बहीण

लिहिता लिहिता आठवलं. गजर व्यायामासाठीच असतात.

जुनी_वही

फार छान जमलंय. दोन-तीन गोष्टी बघ. आधी एका वाक्यात "बोट" आहे, पुढे "अंगठा". दादा नेमकं काय वापरतो ते विचारून घे, कारण घरचे लोक ते ओळखतात. "आमच्या कुळात पूर्वी जाहला नाही" हे वाक्य स्तुती म्हणून ऐकू येतं आणि टोमणा म्हणून बसतं, त्याला हात लावू नकोस. "गणती राहिली नाही" मला थोडं ढिलं वाटलं. बखरकार आकडा सोडत नाही. एखाद्या पहाटे मोजून ठेव, जो आकडा निघेल तो घाल, लहान निघाला तरी चालेल.

वडिलांची हाक उत्तम. पण "रणाच्या गर्दीत" म्हणण्यापेक्षा बाबा प्रत्यक्षात काय म्हणतात ते घालता येईल का?

मधली_बहीण

बाबा म्हणतात, "अरे, तो बंद तरी कर, नाहीतर ऊठ तरी."

जुनी_वही

मग "बंद तरी करावे अथवा उठावे तरी, ऐसा निर्वाणीचा खलिता पाठविला" असं कर. शब्द बाबांचेच राहिले, फक्त त्यांना मोहोर लागली.

मात्रामोजणी

बखर आवडली. तरी "मोबाईल" हा शब्द खटकतो. सगळीकडे दाबोन, मोडिला, ऐकिली आणि मध्येच मोबाईल? "यंत्र" करा, नाहीतर "कर्णा".

जुनी_वही

मला तो तसाच हवा. सगळंच जुन्या वेशात गेलं तर खालची जमीन दिसत नाही. एकदाच येतो आणि बरोबर क्रियापदाशेजारी येतो, तिथेच पहिलं हसू येणार.

मात्रामोजणी

एकदाच येतो म्हणूनच खटकतो. दोन-तीनदा आला असता तर सवय झाली असती. मी "कर्णा"वर ठाम आहे.

हिशेबी

एक विचारू का? वाचन कोणासमोर आहे? फक्त घरचे असतील तर उत्तम. दादाचे ऑफिसचे लोक येणार असतील तर "एका अंगठ्याच्या बळावर" वगैरे सोमवारपासून त्याला तिकडे ऐकावं लागेल. माझ्या वेळी पन्नासेक माणसं होती.

मधली_बहीण

घरचे आणि वहिनीच्या माहेरची मंडळी. तिच्या बाबांसमोर जावयाला "गादी सोडिली नाही" म्हणायचं का, यावर आमच्यात कालपासून वाद चाललाय. वहिनी म्हणते वाच, आई म्हणते तेवढं वाक्य गाळ.

गगनभेदी

वाचाच. सासऱ्यांना माहीत नसेल असं वाटतं का तुम्हाला?

साधा_माणूस

वाचलं सगळं. लेखन चांगलं आहे, वहिनींना मात्र रोज साडेसहाला हे करावं लागतं त्याचं वाईट वाटलं. कपाटाचं एकदा बघाच.

जुनी_वही

साधा_माणूस, तुमचा कपाटाचा उपाय बखरीत घालण्यासारखा आहे : "गनिमास दूरच्या किल्ल्यावर कैदेत ठेवावे ऐसा सल्ला एका हितचिंतकाने दिला, तो स्वामींस मानवला नाही." :)

मधले, आईच्या म्हणण्याबद्दल माझं ठाम मत नाही. व्याही समोर असताना काय खपतं ते तुझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गाळलंस तर "मोर्चा आवरिला" वर वाक्य थांबव, तेही चालतं. वाचताना एकच बघ. "नऊ मिनिटांचा तह केला" झालं की थांब. लोक हसतील तेव्हा वर बघू नकोस, कागदातच बघत राहा. आणि शेवटचं वाक्य दादाच्या आवाजात म्हणायचा मोह होईल, तो टाळ. बखरकाराच्याच आवाजात म्हण.

मधली_बहीण

मीच वाचायचं का? धाकटी म्हणते बाबांनी वाचावं, कारण ते घरात सगळ्यांत गंभीर आहेत.

रिकामटेकडी

बाबा! बाबा! पण त्यांचा स्वतःचा खलिता ते न हसता वाचू शकतील का?

मधली_बहीण

विचारलं. "अंगठा नाही, तर्जनी आहे," एवढंच म्हणाले आणि कागद मागून घेतला.